टाकी जुनी की इमारत?

आमच्याकडे अनुवादासाठी आलेला मजकूर आधी माझ्या टेबलावर येतो. मी अनुवादक नाही. ज्या वाक्यातून दोन अर्थ निघतात ते शोधायचं, मूळ लिहिणाऱ्याला फोन लावायचा आणि एकच अर्थ राहील असं करून परिच्छेद पुढे पाठवायचा, एवढं माझं काम. अनुवादक हुशार असला की याची गरज नाही, असं ग्राहकांना वाटतं. पण हुशार अनुवादकच यात जास्त धोक्याचा. दोहोंपैकी जो अर्थ त्याला पटतो तो तो उचलतो आणि इतकं सफाईदार इंग्रजी लिहितो की शंका घ्यायला जागाच उरत नाही. कच्चा माणूस निदान अडखळतो आणि विचारायला येतो.

हाउसिंग सोसायट्यांच्या नोटिसा आमच्याकडे पुष्कळ येतात. अमराठी सभासद असतात, फ्लॅट इथे आणि मालक परदेशात असंही असतं, म्हणून इंग्रजी प्रत लागते. अशाच एका नोटिशीतला परिच्छेद, ओळख पटू नये इतपत बदलून, पुढे देतो.

"जुन्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीच्या दुरुस्तीसाठी सर्व सभासदांनी येत्या रविवारपर्यंत रु. २,५०० भरावेत. थकबाकीदार व भाडेकरू ठेवलेल्या सभासदांना हप्त्यांची सवलत मिळणार नाही. हप्त्यांसाठी अर्ज करताना ओळखपत्राशिवाय शेअर सर्टिफिकेटची प्रत आणावी. निधी कमी पडल्यामुळे काम थांबवलेले नाही. गळतीबाबत तक्रार असल्यास सभासदांनी सचिवांना त्यांच्या सदनिकेत भेटावे."

शुद्धलेखन ठीक, व्याकरण ठीक. नोटीस फलकावर लागली असती तर कोणी चकार शब्दही काढला नसता, कारण टाकी कुठली आणि सचिव कुठे राहतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजीत नेताना मात्र यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अडतं.

१. "समजलं का?" असं विचारू नये

ज्याने परिच्छेद लिहिला त्याला त्यातला दुसरा अर्थ दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे टाकी उभी असते. म्हणून मी कागद अशा सहकाऱ्याला देतो ज्याला त्या सोसायटीची काहीच माहिती नाही, आणि वाचून झाल्यावर अगदी रोकडे प्रश्न विचारतो. टाकी कुठे आहे? पैसे कोणी आणि किती द्यायचे? शेवटचा दिवस कोणता? सोबत काय न्यायचं? "समजलं का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात, आणि खरंच त्यांना काहीतरी समजलेलंही असतं.

वरच्या परिच्छेदावर सहकाऱ्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, इमारत जुनी आहे आणि तिच्यावर टाकी आहे. माझ्या मनात गच्चीवरची जुनी टाकी होती. दोघांनाही आपल्या उत्तराची खात्री होती. माणूस गोंधळला तर काम सोपं असतं. दोन माणसं न गोंधळता वेगवेगळं सांगतात तिथे खूण करायची.

२. सामान्यरूप झालं की विशेषण कोणाचं ते कळेनासं होतं

मराठीतल्या दुहेरी अर्थाची ही सर्वांत मोठी खाण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"जुनी इमारतीची टाकी" म्हटलं की टाकी जुनी. "जुन्या इमारतीची टाकी" म्हटलं की इमारत जुनी. इथे गोंधळ नाही, कारण 'जुनी' आणि 'जुन्या' ही रूपंच सांगतात की विशेषण कोणाला चिकटलं आहे. आता टाकीला नुसता एक प्रत्यय लावा: "जुन्या इमारतीच्या टाकीत". टाकीचंही सामान्यरूप झालं, म्हणून तिचं विशेषणही 'जुन्या' होणार. खूण पुसली गेली. नाम पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, एकवचनी असो की अनेकवचनी, सामान्यरूपाच्या आधी 'जुन्या', 'मोठ्या', 'नव्या' हेच येतं. आमच्या नोटिशीत तर 'इमारतीच्या', 'गच्चीवरील', 'टाकीच्या', 'दुरुस्तीसाठी' अशी चार नामं ओळीने उभी आहेत आणि 'जुन्या' यातल्या कोणालाही लागू शकतं. दुरुस्तीलाही. मागे राहिलेली जुनी दुरुस्ती असं कोणी वाचलं तर व्याकरण त्याला अडवणार नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. शेवटच्या नामाचा प्रत्यय काढून टाकायचा आणि लिहिणाऱ्याला विचारायचं की आता काय म्हणाल, 'जुनी टाकी' की 'जुन्या इमारतीची टाकी'? तो लगेच सांगतो.

दुरुस्तीचे मार्ग तीन. विशेषण ज्याचं आहे त्याच्या अगदी शेजारी नेऊन बसवावं: "इमारतीच्या गच्चीवरील जुन्या टाकीच्या". विशेषण पहिल्याच नामाचं असेल तर हे चालत नाही, कारण ते शेजारीच असतं आणि तरीही संशय राहतो. तिथे 'जो-तो'ची रचना कामाला येते: "जी इमारत जुनी आहे, तिच्या गच्चीवरील". ऐकायला थोडं लांबलचक लागतं, पण मराठीत याच्याइतकं खात्रीचं हत्यार दुसरं नाही. तिसरा मार्ग म्हणजे वाक्य तोडून मुख्य नाम प्रथमेत आणायचं: "जुन्या इमारतीच्या गच्चीवर असलेली टाकी दुरुस्त करायची आहे." इथे 'असलेली' टाकीशी जुळलं, त्यामुळे 'जुन्या' टाकीचं राहिलं नाही. नोटिशीसाठी मी बहुतेक वेळा हाच घेतो.

जी विशेषणं बदलतच नाहीत त्यांच्यावर तर दुप्पट नजर ठेवावी लागते. 'लाल', 'अवजड', 'धोकादायक' ही कुठल्याही रूपाला तशीच राहतात, त्यामुळे "धोकादायक इमारतीचा सज्जा" हे प्रथमेतही संशयाचंच. सज्जा धोकादायक असेल तर तो पाडून नवा करता येतो. 'धोकादायक इमारत' ही मात्र महापालिकेच्या नोंदीतली वर्गवारी आहे, आणि तसं इंग्रजी पत्र परदेशातल्या मालकाच्या किंवा बँकेच्या हाती पडलं तर पुढचं निस्तरणं सचिवांच्या वाट्याला येतं.

३. रकमेच्या आधी 'सर्व' असेल तर थांबावं

"सर्व सभासदांनी रु. २,५०० भरावेत." सगळ्यांनी मिळून की प्रत्येकाने? रक्कम पाहून अंदाज बांधता येतो, हे खरं. पण फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येक सभासद म्हणजे कोण? सहसभासदानेही वेगळे भरायचे का? फोन केला तेव्हा सचिव म्हणाले, "अहो, फ्लॅटमागे." मग तेच लिहायचं: "प्रत्येक सदनिकेमागे". सोसायटीच्या इमारती दोन, तेव्हा दुसऱ्या इमारतीतल्यांनीही भरायचे का, हा प्रश्न त्याच फोनवर निघाला. त्याचं उत्तर द्यायला सचिवांना अध्यक्षांना विचारावं लागलं.

इथेच 'भरावेत'. हे रूप आज्ञेलाही चालतं, विनंतीलाही आणि नुसत्या सल्ल्यालाही. इंग्रजीत या तिघांसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि अनुवादकाला त्यातलं एक निवडावंच लागतं. म्हणून 'भरणे बंधनकारक आहे' की 'भरावेत अशी विनंती आहे' हे मराठीतच ठरवून घ्यायचं. ठराव, नोटिसा, नियमावल्या यांतला प्रत्येक 'करावे' आणि 'द्यावे' मी पेन्सिलीने अधोरेखित करतो आणि समासात 'सक्ती?' एवढंच लिहितो.

जाता जाता अनुस्वाराबद्दल. 'वारसाच्या' आणि 'वारसांच्या' यात एका टिंबाचा फरक आहे. मोबाइलवर टाइप केलेल्या मजकुरात ते टिंब सर्रास गळतं आणि इंग्रजीत चार वारसांचा एकच होतो. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

४. 'व' आणि 'शिवाय'

"थकबाकीदार व भाडेकरू ठेवलेल्या सभासदांना सवलत मिळणार नाही." ज्याची थकबाकी आहे आणि ज्याने भाडेकरूही ठेवला आहे अशालाच नाही? की दोघांपैकी एक गोष्ट असली तरी नाही? दोन्ही वाचनं सरळ आहेत आणि दोन्हींत सवलत मिळणाऱ्यांची यादी वेगळी होते. 'व'च्या जागी 'किंवा' घातला की बरंचसं भागतं, पण मला 'ज्या-त्या' करून दोन वाक्यं लिहिणं जास्त खात्रीचं वाटतं: "ज्या सभासदांची थकबाकी आहे त्यांना मिळणार नाही, ज्यांनी सदनिका भाड्याने दिली आहे त्यांनाही मिळणार नाही." हीच अडचण "६० वर्षांवरील स्त्रिया व पुरुष" यातही आहे. वयाची अट फक्त स्त्रियांना की दोघांना? पुरुष आधी लिहून पाहावं, "पुरुष व ६० वर्षांवरील स्त्रिया". हे लिहिणाऱ्याला चाललं तर अट स्त्रियांपुरती. तो "नाही नाही" म्हणाला तर दोघांना.

"ओळखपत्राशिवाय शेअर सर्टिफिकेटची प्रत आणावी." ओळखपत्र आणायचंच आहे आणि त्यावर आणखी प्रत, की ओळखपत्र नको? 'खेरीज'चंही तेच. कागदपत्रांच्या यादीत हे दोन्ही शब्द ठेवायचेच नाहीत असा माझा शिरस्ता आहे. 'आणि', 'दोन्ही', 'नको' हे साधे शब्द पुरतात.

५. नकार आणि कारण एका वाक्यात ठेवू नये

"निधी कमी पडल्यामुळे काम थांबवलेले नाही." एक अर्थ असा की काम थांबलं आहे, पण कारण निधीचं नाही. दुसरा असा की निधी कमी पडला तरी काम चालू आहे. पहिल्या अर्थाने काम बंद आहे आणि दुसऱ्या अर्थाने चालू. हे वाक्य विशेष घातक आहे, कारण इंग्रजीतही तसंच दोन अर्थांचं वाक्य सहज होतं. अनुवादक ते उचलून जसंच्या तसं पलीकडे नेऊन ठेवतो, कुठेही अडखळत नाही, आणि दोन भाषांतले वाचक दोन तऱ्हांनी वाचतात. म्हणून 'मुळे' आणि 'नाही' एकत्र दिसले की मी आधी घटना विचारतो: काम चालू आहे का? मग कारण. मग दोन वेगळी वाक्यं. "सगळे सभासद आले नाहीत" हेही याच कुळातलं. कोणीच आलं नाही की काही जण आले नाहीत? सभेच्या इतिवृत्तात गणपूर्तीचा प्रश्न यावर अडू शकतो.

६. आदराच्या 'त्यांच्या'ला नाव द्यावं

"सभासदांनी सचिवांना त्यांच्या सदनिकेत भेटावे." सचिव एक, पण आदरार्थी बहुवचन. सभासद अनेक. दोघांनाही 'त्यांच्या'. जुन्या वळणाने लिहिणारा म्हणेल की सभासदांची सदनिका असती तर 'आपल्या सदनिकेत' म्हटलं असतं, तेव्हा ही सचिवांचीच. नियम बरोबर आहे, पण आजकाल 'आपल्या'च्या जागी 'त्यांच्या' सर्रास लिहितात, त्यामुळे नियमावर भरवसा ठेवून अनुवाद करता येत नाही. शिवाय ही गळतीची तक्रार आहे. गळती सभासदाच्या घरात आहे आणि सचिव ती पाहायला येणार, हेही अगदी शक्य आहे.

'आपण' आणखी अवघड. समोरच्याला मान देऊन 'आपण', बोलणारा आणि ऐकणारा मिळूनही 'आपण'. "आपण खर्चाचा हिशेब द्यावा" म्हणजे तुम्ही द्यावा. "आपण खर्चाचा हिशेब देऊ" म्हणजे सगळे मिळून. क्रियापदाने बहुतेकदा उलगडा होतो, पण "आपण ठरवल्याप्रमाणे" यात होत नाही. उपाय नीरस आहे, 'त्यांच्या' खोडून 'सचिवांच्या' लिहायचं. एकाच वाक्यात नाव दोनदा आलं तर शाळेतल्या बाई रागावायच्या, नोटिशीत चालतं.

७. दिवस मोजून लिहावा

'येत्या रविवारपर्यंत' हे फलकासाठी ठीक. मजकूर आमच्याकडे येऊन, अनुवाद होऊन, छापून जाईपर्यंत तो रविवार उलटलेला असतो आणि अनुवादकाच्या टेबलावर येता रविवार वेगळाच. 'परवा' तर मागेही असतो आणि पुढेही. वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ लिहावी. आकड्यांत ५/६ असं लिहू नये, कारण अमेरिकेतला मालक त्याचा ६ मे करतो.

सोसायटीच्या सभांचं एक खास दुखणं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी असं आदर्श उपविधींत आहे. 'पूर्ण' म्हणजे सूचना दिल्याचा दिवसही धरायचा नाही आणि सभेचाही नाही. सभा रविवारी, २८ सप्टेंबर २०२५ रोजी असेल तर १४ ते २७ हे १४ दिवस मध्ये मोकळे राहिले पाहिजेत, म्हणजे सूचना १३ तारखेलाच हातात पडायला हवी. मूळ मराठीत कोणी 'पूर्ण' गाळून "१४ दिवस आधी" लिहिलं तर इंग्रजीतही तो शब्द येत नाही, सूचना १४ तारखेला निघते आणि एखादा चिकित्सक सभासद सभाच बेकायदा ठरवायला निघतो.

एवढं सगळं झाल्यावर परिच्छेद असा गेला:

"सोसायटीच्या दोन इमारतींपैकी जी जुनी आहे, तिच्या गच्चीवर असलेली पाण्याची टाकी दुरुस्त करायची आहे. त्यासाठी दोन्ही इमारतींतील प्रत्येक सदनिकेमागे रु. २,५०० भरणे बंधनकारक आहे. ही रक्कम रविवार, १५ जून २०२५ रोजी रात्री ८ वाजेपर्यंत कार्यालयात जमा झाली पाहिजे. ज्या सभासदांची थकबाकी आहे त्यांना हप्त्यांची सवलत मिळणार नाही. ज्यांनी सदनिका भाड्याने दिली आहे त्यांनाही मिळणार नाही. हप्त्यांसाठी अर्ज करणाऱ्याने ओळखपत्र आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत, दोन्ही आणावीत. निधी कमी पडला आहे, तरीही काम चालू आहे. गळतीची तक्रार असलेल्या सभासदांनी सचिवांच्या सदनिकेत येऊन सचिवांना भेटावे."

लांबी वाढली, आणि अध्यक्षांनी त्याबद्दल कुरकुर केली. अनुवादकाला मात्र एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

८. इंग्रजीकडून येताना प्रश्न बदलतात

इंग्रजी परिच्छेद मराठीत जायचा असेल तेव्हा मी उलट बाजूने पाहतो: मराठी वाक्य पूर्ण करायला काय लागेल, जे इंग्रजीत लिहिलेलंच नाही? सर्वांत आधी लिंग. परदेशातला सभासद लिहितो की मागच्या सभेला मी आलो किंवा आले. इंग्रजीत दोन्ही एकच. नावावरून कळत नसेल तर विचारावंच लागतं. मग नातं. तो लिहितो, माझ्या वतीने माझा 'ब्रदर-इन-लॉ' येईल. लिहिणारा पुरुष असेल तर तो मेहुणा असेल किंवा साडू. बाई असेल तर दीर, बहिणीचा नवरा किंवा नणंदेचा नवरा. 'कझिन'चा तर पसारा त्याहून मोठा. कागदोपत्री मी नात्याच्या जोडीला त्या माणसाचं पूर्ण नावही मागून घेतो, कारण अधिकारपत्रावर शेवटी नावच लागतं. आणि 'मे'. भाडेकरू सभेला 'मे' येतील, म्हणजे त्यांना यायची परवानगी आहे की ते कदाचित येतील? मराठीत 'येऊ शकतील' लिहिलं की दोन्ही अर्थ तसेच राहतात आणि अनुवाद बिनचूक दिसतो. परवानगी असेल तर 'येण्यास परवानगी आहे' असं स्पष्ट लिहून घेतो.

९. काही कागदांना हात लावायचा नाही

पोलिसांपुढचा किंवा कोर्टातला जबाब, मंजूर झालेला ठराव, मृत्युपत्र, सही झालेला करार. यांतलं वाक्य दुहेरी असलं तरी ते तसंच जाऊ द्यावं लागतं. साक्षीदार "त्यांनी मारलं" म्हणाला असेल तर मारणारा एक मानाचा माणूस होता की चौघे होते, हे ठरवणं माझं काम नव्हे आणि अनुवादकाचंही नव्हे. अशा वेळी मूळ शब्द न बदलता वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो: "येथे मूळ मराठीतून दोन अर्थ निघतात, अ आणि आ. अनुवादात एक निवडू नये; शक्य नसल्यास तळटीप द्यावी." ठरावाच्या बाबतीत सचिवांना हेही सांगावं लागतं की मजकूर सुधारायचा असेल तर तो पुन्हा सभेपुढे न्या, माझ्या पेन्सिलीने तो बदलत नाही.

कधीकधी लिहिणाऱ्याने दुहेरीपणा मुद्दाम ठेवलेला असतो. एका सोसायटीच्या पत्रात "योग्य ती कारवाई करण्यात येईल" असं होतं. कोण करणार, काय करणार, कधी? फोन केला तर पलीकडून हसू ऐकू आलं. कमिटीचं त्यावर एकमत झालेलं नव्हतं आणि वाक्य म्हणूनच तसं लिहिलं होतं. ते तसंच राहू दिलं आणि अनुवादकाच्या चिठ्ठीवर टाकलं: "कर्ता मुद्दाम वगळला आहे, इंग्रजीतही घालू नये."